खऱ्या गिऱ्हाइकाला न दुखावता रिव्ह्यू कसे तपासायचे: वर्डप्रेसवर दुकान थाटणाऱ्यांसाठी

वर्डप्रेसवर वूकॉमर्स टाकून दुकान सुरू केलं की बरेच दिवस रिव्ह्यू येतच नाहीत. मग एकदम येतात. काही परक्या भाषेतले, काही झटपट कर्जाच्या जाहिराती, आणि त्यांच्यातच एखादा लांबलचक, रागावलेला पण मुद्देसूद मराठी रिव्ह्यू, एक स्टार देऊन लिहिलेला. नवा दुकानदार जाहिरातींना वैतागून सगळी सेटिंग कडक करतो आणि त्या जाळ्यात नेमका तो रागावलेला माणूस अडकतो. जाहिराती टाकणाऱ्यांना काही फरक पडत नाही, ते उद्या दुसऱ्या नावाने येतात. गिऱ्हाईक मात्र परत येत नाही.

मी बागकामाच्या सामानाचं एक छोटं ऑनलाइन दुकान सांभाळते. गांडूळखत, कोकोपीट, बियाणं, कुंड्या असा माल. खाली जे लिहिलंय ते वर्डप्रेस आणि वूकॉमर्सच्या नेहमीच्या सेटिंगवर आधारलेलं आहे. तुमचं दुकान दुसऱ्या कशावर असेल तर बटणांची नावं बदलतील, बाकीचं बहुतेक लागू पडेल.

## आधी हाताशी काय हवं

- साइटचं अॅडमिन लॉगिन. साइट बनवून देणाऱ्याकडे असलेलं नव्हे, तुमचं स्वतःचं.
- ऑर्डरची यादी, म्हणजे रिव्ह्यू लिहिणाऱ्याने माल घेतलाय का ते पाहता येईल.
- तक्रारीसाठी वेगळा ईमेल पत्ता, जो रोज कुणीतरी उघडतं.
- स्पॅम गाळणारं एखादं प्लगइन. अकिस्मेट सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा फुकटचा प्लॅन धंद्याच्या साइटला चालत नाही, पैसे भरावे लागतात. अँटिस्पॅम बी फुकट आहे आणि लहान दुकानाला पुरतं.
- एक साधी एक्सेल शीट: तारीख, कोणता रिव्ह्यू काढला, कोणत्या नियमाखाली, कुणी काढला.

या शीटचा कंटाळा करू नका. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, की माझा रिव्ह्यू का उडवला, तर आठवणीवर उत्तर देता येत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. `Settings → General` मध्ये `Administration Email Address` कुणाचा आहे ते बघा. मंजुरीसाठी रिव्ह्यू थांबला की त्याची सूचना या पत्त्यावर जाते. पुष्कळ दुकानांत तिथे साइट बनवून देणाऱ्या मुलाचा पत्ता तसाच राहिलेला असतो. त्याने ते ईमेल बघणं कधीच सोडलेलं असतं आणि रांगेत रिव्ह्यू साचत राहतात.

## १. रिव्ह्यू कोण लिहू शकतो ते ठरवा

`WooCommerce → Settings → Products` मध्ये खालच्या बाजूला रिव्ह्यूच्या खुणा आहेत. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एक, विकत घेतलेल्या माणसाच्या रिव्ह्यूवर `verified owner` अशी पट्टी दाखवायची. दुसरी, `Reviews can only be left by "verified owners"`, म्हणजे ज्याने घेतलंय त्यालाच लिहू द्यायचं.

दुसरी खूण मोहात पाडते. ज्याने माल घेतलाच नाही त्याने बोलावं कशाला, हा विचार पटण्यासारखाच आहे. पण ती खूण केली की वूकॉमर्स फक्त लॉगिन केलेल्या आणि त्याच खात्यातून किंवा त्या खात्याच्या ईमेलवरून माल घेतलेल्या माणसालाच फॉर्म दाखवतं. आपल्याकडे बरेच लोक खातं न उघडता, पाहुणे म्हणून ऑर्डर करतात. काही जण व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर सांगून मागवतात. या सगळ्यांना फॉर्मच्या जागी `Only logged in customers who have purchased this product may leave a review.` एवढं वाक्य दिसतं. पैसे मोजून घेतलेल्या माणसाला आपण त्याच्या तोंडावर सांगतो, की तू गिऱ्हाईक नाहीस.

म्हणून पहिली खूण करा, दुसरी करू नका. पट्टी ठरवताना वूकॉमर्स खात्याबरोबर ईमेलही जुळवून बघतं. त्यामुळे पाहुणा म्हणून माल घेतलेल्या माणसाने तोच ईमेल टाकला तर त्यालाही पट्टी मिळते. ज्यांना मिळाली नाही त्यांचं वाचणाऱ्याने किती मनावर घ्यायचं ते वाचणारा ठरवतो.

## २. काय अडवायचं ते चार ओळींत लिहून साइटवर टाका

नियम मनात असून भागत नाही. मनातला नियम त्या दिवशीच्या मूडप्रमाणे बदलतो. आमच्या फॉर्मच्या वर इतकंच लिहिलेलं आहे:

> वाईट अनुभवही लिहा, तो छापला जाईल. जाहिरात, शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता, आणि त्या वस्तूशी संबंध नसलेला मजकूर आम्ही काढतो. रिव्ह्यू साधारण एका दिवसात दिसतो. दिसला नाही तर या पत्त्यावर विचारा.

पहिलं वाक्य पहिलंच ठेवा. बहुतेक साइटवर सुरुवात "खालील प्रकारचे अभिप्राय स्वीकारले जाणार नाहीत" अशी असते आणि ते वाचूनच अर्धे लोक मागे फिरतात.

नियमात स्टारचा उल्लेख कुठेही नको. हा सगळ्यात मोठा सापळा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. काही प्लगइन अशी सोय देतात, की चार-पाच स्टारचा रिव्ह्यू आपोआप छापायचा आणि त्याखालचा मंजुरीसाठी थांबवायचा. वरवर पाहता यात काही गैर वाटत नाही, आपण नुसतं नीट वाचून छापणार आहोत ना. पण थांबवलेला वाईट रिव्ह्यू मंजूर करायला हात धजत नाही. आज करू, उद्या करू, आणि मग तो राहूनच जातो. अमेरिकेत फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीने हेच केलं. चार स्टारखालचे लाखो रिव्ह्यू रांगेत पडून राहिले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२२ मध्ये प्रकरण जाहीर केलं आणि कंपनीला ४२ लाख डॉलर भरावे लागले. त्यात खोटे रिव्ह्यू लिहिल्याचा आरोप नव्हता. खरे रिव्ह्यू दडवून ठेवले, एवढाच आरोप होता.

भारतात यासाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. भारतीय मानक ब्यूरोने ते काढलं आणि २५ नोव्हेंबर २०२२ पासून ते ऐच्छिक स्वरूपात लागू झालं. रिव्ह्यू गोळा करणं, तपासणं आणि छापणं या तिन्हींबद्दल त्यात सांगितलेलं आहे. लहान दुकानदाराने ते सगळं पाठ करायची गरज नाही, पण आपले नियम लिहिताना एकदा चाळून घ्यावं.

म्हणजे थांबवायचंच असेल तर सगळे थांबवा, पाच स्टारचेसुद्धा. नाहीतर एकही थांबवू नका.

## ३. `Discussion` मधल्या खुणा

`Settings → Discussion` उघडा. ब्लॉगवरच्या कमेंटसाठी आणि वूकॉमर्सच्या रिव्ह्यूसाठी हेच पान चालतं. हे अनेकांना माहीत नसतं.

`Comment must be manually approved` ही खूण केली की प्रत्येक रिव्ह्यू तुमच्या हातून जाईल. `Comment author must have a previously approved comment` केली तर एकदा मंजूर झालेल्या माणसाचा पुढचा मजकूर थेट छापला जाईल. मी दुसरी वापरते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दर वेळी दारात उभं करणं बरं दिसत नाही.

यात एक गंमत आहे. खातं नसलेल्या माणसाची ओळख वर्डप्रेस नाव आणि ईमेल दोन्ही जुळवून ठरवतं. एखाद्या बाईंनी पहिल्यांदा नाव `सुनीता` असं लिहिलं आणि दुसऱ्यांदा फोनचा कीबोर्ड इंग्रजीवर होता म्हणून `Sunita` लिहिलं, तर ईमेल तोच असला तरी त्या वर्डप्रेससाठी नव्या ठरतात आणि पुन्हा रांगेत जातात. मराठी साइटवर हे सतत होतं. "मागच्या वेळी लगेच आलं, या वेळी का नाही," असं कुणी विचारलं तर आधी हे तपासा.

`Hold a comment in the queue if it contains 2 or more links` हे आहे तसंच ठेवा. ज्याला खरोखर तक्रार करायची आहे तो सहसा लिंक देत नाही.

कॅप्चाबद्दल थोडक्यात: चित्रांतले सिग्नल आणि बस ओळखायला लावणारा प्रकार शक्यतो टाळा. साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकाने छोट्या फोनवर ते तीनदा करून बघितलं की तो रिव्ह्यू सोडून देतो. माणसाला न दिसणारा रिकामा रकाना ठेवून बॉटला फसवणारी युक्ती चांगली आहे. अँटिस्पॅम बी त्याच वाटेने जातं.

## ४. शब्दांची यादी: मराठीत इथेच घात होतो

त्याच पानावर खाली दोन मोठे रकाने आहेत. `Comment Moderation` मध्ये लिहिलेला शब्द आला तर मजकूर रांगेत थांबतो. `Disallowed Comment Keys` मधला शब्द आला तर मजकूर सरळ कचऱ्यात जातो. कचऱ्यातलं ३० दिवसांनी कायमचं पुसलं जातं. तुम्हाला कळतही नाही.

दोन्ही रकान्यांत शब्द पूर्ण जुळावा लागत नाही. दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडला तरी पुरे. वर्डप्रेस तिथेच लिहितं, की `press` लिहिलं तर `WordPress` सुद्धा अडेल. इंग्रजीत हा अधूनमधूनचा त्रास आहे, पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे तो रोजचा होतो.

इंटरनेटवर मराठी शिव्यांच्या तयार याद्या मिळतात. तसली यादी कुणी माझ्या दुकानाच्या `Disallowed Comment Keys` मध्ये चिकटवली तर काय होईल? गांडूळखत या शब्दाची पहिली दोन अक्षरं वेगळी काढून बघा. आमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालाबद्दल कुणी काहीही लिहिलं, चांगलं की वाईट, तरी ते मुकाट्याने कचऱ्यात जाईल. कोकोपीटचे रिव्ह्यू येत राहतील आणि आपल्याला वाटेल, गांडूळखताबद्दल कुणाला काही बोलायचंच नाही. शिवीच्या पुढे एक स्पेस टाकून हा घोळ मिटेल असं काहींना वाटतं. मिटत नाही, कारण तपासण्याआधी वर्डप्रेस ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून टाकतं. `चोर` लिहिलंत तर चोरघे आडनावाचं प्रत्येक गिऱ्हाईक अडेल, कारण तपासणी मजकुराबरोबर नावाचीही होते.

म्हणून माझा नियम सरळ आहे. `Disallowed Comment Keys` मध्ये एकही मराठी शब्द नाही. देवनागरी शिव्या ठेवायच्याच असतील तर `Comment Moderation` मध्ये ठेवा, म्हणजे निदान तुमच्या नजरेखालून जातील. आणि तिथेही आधी आपल्या मालाची नावं त्या शब्दांशी ताडून बघा. मी तिथे ठेवते ते असं काहीतरी:

```
casino
viagra
bit.ly
t.me/
wa.me/
```

शेवटच्या ओळीचं कारण असं, की व्हॉट्सअॅपची लिंक देऊन "हेच खत माझ्याकडे स्वस्त मिळेल" सांगणारे बरेच येतात.

## ५. रांगेतला वेळ

खऱ्या माणसाला नकारापेक्षा शांततेचा राग जास्त येतो, हे मला गिऱ्हाइकांशी फोनवर बोलूनच कळत गेलं. यामागे एक तांत्रिक कारणही आहे. रिव्ह्यू पाठवल्यावर लिहिणाऱ्याला `Your review is awaiting approval` असं दिसतं. पण फॉर्मखालच्या नाव-ईमेल जपून ठेवण्याच्या चौकोनात त्याने खूण केली नसेल, तर हा मजकूर साधारण दहा मिनिटंच दिसतो. संध्याकाळी तो परत येऊन बघतो तर काहीच नाही. तो काय समजणार? उडवला, असंच. मंजूर झाल्यावर वर्डप्रेस लिहिणाऱ्याला स्वतःहून ईमेलही पाठवत नाही.

उपाय दोनच. फॉर्मवर लिहिलेली मुदत पाळा, आणि ती पाळता येईल एवढीच लिहा. एक दिवस जमत नसेल तर दोन दिवस लिहा. दिवाळीत दुकान चार दिवस बंद असेल तर ती ओळ तेवढ्यापुरती बदला.

रांग बघताना सोबत `Spam` चा रकानाही उघडा. अकिस्मेट असेल तर तिथला मजकूर १५ दिवसांनी पुसला जातो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी नजर टाका. देवनागरी आणि रोमन मिसळून घाईत लिहिलेला खरा रिव्ह्यू तिथे जाऊन बसल्याचं अधूनमधून दिसतं. तसा दिसला तर `Not Spam` दाबा.

आणि याच्या उलट: नियमात न बसणारा पण माणसाने लिहिलेला मजकूर काढायचा तर `Trash` दाबा, `Spam` नव्हे. `Spam` दाबलं की तुम्ही अकिस्मेटला शिकवताय, की हा माणूस स्पॅमवाला आहे. त्याचा त्रास त्याला दुसऱ्या साइटवरही होऊ शकतो.

## ६. एक अवघड रिव्ह्यू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

असा रिव्ह्यू रांगेत आलाय असं धरा. एक स्टार, पट्टी नाही:

> एकदम फालतू माल. ५ किलोची पिशवी, घरच्या काट्यावर ४ किलो ३०० ग्रॅम भरली. अर्धी माती आणि खडे. वरून बारीक किडे फिरतायत. कुरिअरवाला तर चोर आहे, ५० रुपये जास्त घेतले, त्याचा नंबर ९८... सगळ्यांनी फोन करून विचारा त्याला. पैसे पाण्यात.

पहिली प्रतिक्रिया हा उडवावा अशीच होते. पण तुकडे करून बघा. "एकदम फालतू", "पैसे पाण्यात" हे मत आहे, ते राहणार. वजन, खडे, किडे ही माहिती आहे. ती खरी असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला कळायलाच हवी, आणि खोटी असेल तर खाली उत्तर द्यायची सोय आपल्याकडे आहे. ५० रुपये जास्त घेतल्याची तक्रारही राहणार. अडचण दोनच गोष्टींची आहे: एका खऱ्या माणसाचा फोन नंबर, आणि त्याला सगळ्यांनी फोन करा हे आवाहन. "चोर" हा शब्द नंबरासकट एका माणसाकडे बोट दाखवतो. नंबर गेला की तो रागाचा शब्द उरतो.

आता ऑर्डर शोधा. ईमेल जुळत नाही, पण ५ किलोची पिशवी, जास्तीचे पैसे आणि तारीख यावरून व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर सापडते. माणूस खरा आहे.

पुढे दोन वाटा आहेत. लिहिणाऱ्याला ईमेल करून नंबर काढून पुन्हा पाठवायला सांगता येतं. तो दोन दिवसांत उत्तर देत नाही असं बहुधा होतं. मग मी स्वतः `Edit` मध्ये जाऊन फक्त नंबर आणि फोन करायचं आवाहन काढते आणि त्या जागी चौकटी कंसात `[फोन नंबर काढला]` असं लिहिते. बाकी एका अक्षराला हात लावत नाही, शुद्धलेखनालाही नाही. "फालतू" चं "समाधानकारक नाही" करणं म्हणजे त्याच्या नावावर आपलं वाक्य खपवणं. काय काढलं ते लगेच ईमेलने कळवते:

> नमस्कार, तुमचा रिव्ह्यू आत्ता छापला आहे. त्यातला फोन नंबर आणि फोन करण्याबद्दलचं वाक्य तेवढं काढलं, कारण कुणाचाही नंबर आम्ही साइटवर ठेवत नाही. बाकी मजकूर तुम्ही लिहिला तसाच आहे. वजनाचं आणि ५० रुपयांचं आम्ही वेगळं बघतो आहोत, पिशवीवरचा बॅच नंबर कळवाल का?

मग रिव्ह्यूखाली सगळ्यांना दिसेल असं उत्तर. इथे दुकानदार हमखास घसरतात. "तुम्ही १२ तारखेला घेतलं, पत्ता अमुक सोसायटी, तेव्हा काही बोलला नाहीत," असं लिहून मोकळे होतात. गिऱ्हाइकाची ऑर्डर, तारीख, पत्ता, यातलं काहीही उघड्यावर येता कामा नये, तो कितीही खोटं बोलत असला तरी. जे खरं आहे तेवढं थोडक्यात लिहा:

> वजन कमी भरलं ही आमची जबाबदारी आहे, पिशवी बदलून देऊ. खडे किती आहेत याचा फोटो पाठवलात तर त्या बॅचची बाकीची पोती तपासता येतील. ओलसर खतात पांढरे बारीक कोळी असू शकतात, ते झाडाला खात नाहीत. पण दुसरे काही किडे असतील तर फोटोवरून सांगू. कुरिअरने जास्त घेतलेले पैसे परत मिळतील.

खतातल्या किड्यांबद्दलची ओळ पुढचे शंभर लोक वाचतात. एक स्टारचा रिव्ह्यू उडवला असता तर ही माहिती लिहायला जागाच मिळाली नसती.

शेवटी शीटमध्ये एक ओळ: तारीख, वस्तू, फोन नंबर काढला, नियम तिसरा.

माल बदलून दिल्यावर "आता रिव्ह्यू बदला ना" असं मात्र म्हणू नका. त्याला वाटलं तर तो स्वतः लिहील. बदली मालाच्या बदल्यात स्टार मागितले की पुढचे सगळे स्टार संशयाचे होतात.

## ७. खोटे रिव्ह्यू ओळखताना

एका संध्याकाळी एकाच वस्तूवर सात-आठ एक-स्टार आले तर घाबरून सगळे उडवू नका. एकेक बघा. वस्तूचं काही वर्णन आहे का? खोट्या रिव्ह्यूत बहुधा नसतं, किंवा चुकीचं असतं, जसं आपण विकतच नाही त्या आकाराच्या पिशवीबद्दल. वाक्यं एकमेकांसारखी आहेत का? ऑर्डरच्या यादीत काही सापडतं का? या तिन्हींची उत्तरं संशयास्पद असतील तर थांबवा आणि दिलेल्या ईमेलवर विचारा: कोणत्या महिन्यात, कुठून घेतलं? खरं गिऱ्हाईक उत्तर देतं, बऱ्याचदा आणखी रागावून.

आयपी पत्ता सारखा दिसला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. मोबाइल कंपन्या हजारो लोकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात. तो पत्ता अडवलात तर त्यामागचे बाकीचेही अडले.

आणि कसून तपासायचे ते पाच स्टारवालेही. दुकान नवं असतं तेव्हा भाऊ, वहिनी, पॅकिंगचा मुलगा, सगळे प्रेमाने लिहितात. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला मनाई आहे. नोकराकडून लिहून घेतलं म्हणून ते सुटत नाही. घरच्यांना प्रेमाने सांगा, की फोनवर कौतुक करा, साइटवर नको.

रिव्ह्यूबद्दल पुढच्या ऑर्डरवर सूट द्यायची असेल तर ती स्टार न बघता द्या आणि तसं रिव्ह्यूजवळ लिहा.

## ८. "माझा रिव्ह्यू का काढला?" असं विचारलं तर

शीट उघडा, नियम सांगा, आणि त्या नियमात बसेल असं पुन्हा लिहायची संधी द्या. शक्य असेल तर ज्याने काढला त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी तो वाचायला द्या. आमच्याकडे हे काम हिशेब बघणारे काका करतात, कारण त्यांना त्या रिव्ह्यूचा राग आलेला नसतो.

वरच्या त्याच २०२० च्या नियमांत तक्रारीची मुदत आहे: ४८ तासांत पोच आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निकाल. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असायला हवा. दुकान दोघांचं असलं तरी दोघांपैकी एकाचं नाव टाका. "पोहोचलं, बघतो" एवढा ईमेल त्याच दिवशी गेला तरी आवाज निम्म्याने खाली येतो.

## ९. लोक गप्प बसलेत का ते कसं कळणार

साइटवर सगळं छान दिसतंय याचा अर्थ सगळं छान आहे असा नाही. महिन्यातून एकदा तीन गोष्टी बघा. `Trash` उघडून त्यातला प्रत्येक मराठी मजकूर वाचा आणि शीटमध्ये त्याची ओळ आहे का ते ताडा. ओळ नसेल तर तो शब्दांच्या यादीने गिळला आहे. कोणता शब्द ते शोधा आणि यादीतून काढा.

दुसरं, दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या तक्रारी साइटच्या रिव्ह्यूशेजारी ठेवून बघा. व्हॉट्सअॅपवर पाच जण बियाणं उगवलं नाही म्हणतायत आणि साइटवर त्या बियाण्याला सरळ पाच स्टार, असं असेल तर तुमचा फॉर्म कुठेतरी माणसांना परतवतोय. त्यातल्या एखाद्याला फोन करा आणि विचारा, ताई, साइटवर का नाही लिहिलं? कुणी म्हणेल लॉगिन मागत होतं, कुणी म्हणेल लिहिलं होतं पण दिसलंच नाही.

तिसरं, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, लॉगिन न करता, स्वतः एक दोन-स्टारचा रिव्ह्यू लिहून बघा. किती रकाने भरावे लागले, शेवटी काय दिसलं, तासाभराने काय दिसलं, सूचनेचा ईमेल कुणाला गेला. बघून झालं की तो रिव्ह्यू न विसरता काढून टाका, कारण तोही खोटाच आहे.